दाढीतला कोंडा, खाज आणि पुटकुळ्या: दाढी धुवायची कशी?

काळ्या शर्टावर पांढरा भुगा पडायला लागला की बहुतेक जण दाढी कोरडी पडली असं समजतात आणि रात्री खोबरेल तेल चोळून झोपतात. तासभर बरं वाटतं, कारण भुगा तेलाने चिकटून बसतो. दोन दिवसांनी खाज वाढलेली असते. दाढीतला कोंडा हा डोक्यातल्या कोंड्याचाच प्रकार आहे. मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असतेच आणि ती त्वचेच्या तेलावर जगते. तेल पचवताना तिच्यापासून जी आम्लं तयार होतात, ती काहींच्या त्वचेला झोंबतात. मग त्वचा लाल होते, खाजते आणि नेहमीपेक्षा भराभर सोलपटते. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाने या बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

आधी आरशासमोर उभे राहा

उजेडात, दोन बोटांनी केस बाजूला सारून खालची कातडी बघा. दाढीचे केस बघून काही कळत नाही.

पापुद्रे पिवळसर, थोडे चिकट असतील, खाली लाली असेल आणि भुवयांत, नाकाच्या बाजूच्या खाचेत किंवा कानामागेही तेच दिसत असेल, तर तो कोंडा आहे. डोक्यातही बहुधा सापडेल. भुगा पिठासारखा बारीक, धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा आणि लाली जवळजवळ नाही, असं असेल तर साबण आणि गरम पाण्याने कातडी कोरडी पडली आहे. औषधी शाम्पूची गरज नाही, साबणाची वडी बंद करून सौम्य फेसवॉश आणा.

केसाच्या मुळाशी पू असलेली बारीक पुटकुळी म्हणजे केसतूड. मान आणि जबड्याखाली टणक, दुखऱ्या गाठी असतील आणि त्यात वळून आत शिरलेला केस दिसत असेल, तर दोष वस्तऱ्याचा आहे. कुरळे, राठ केस असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. आणि दाढी नुकतीच वाढवायला घेतली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत कापलेल्या केसांची धारदार टोकं टोचतात. ती खाज केस वाढले की आपोआप जाते.

एकाच दाढीत यातले दोन प्रकार एकदम असू शकतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

रोजचं धुणं

दिवसातून एकदा पुरे. हेल्मेट घालून किंवा धुळीत काम करून आलात, तर हे धुणं संध्याकाळी ठेवा आणि सकाळी नुसतं पाणी मारा.

पाणी कोमट घ्या. दाढी पूर्ण भिजली की फेसवॉश तळव्यावर घेऊन फेस करा आणि बोटांची पेरं केसांतून थेट कातडीपर्यंत न्या. केस ज्या दिशेने वाढतात, त्याच्या उलट दिशेने हलक्या हाताने फिरवा. नखं लावू नका. हनुवटीखालचा भाग आणि मिशीची मुळं हमखास सुटतात. मग धुवा, आणि चोळायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवा. दाट दाढीत राहिलेला फेससुद्धा खाज आणतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबण नीट निघत नाही, तिथे शेवटचा तांब्या साध्या नळाच्या पाण्याचा मिळाला तर उत्तम.

टॉवेल खसाखसा घासू नका, टिपा. कातडी ओली ठेवून वर हेल्मेटचा पट्टा आवळला की दिवसभर दमट राहते, म्हणून मुळांपर्यंत कोरडं करूनच बाहेर पडा.

कोंड्यासाठी शाम्पू

औषधाच्या दुकानात मिळणारा २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ बुधवारी आणि रविवारी, चार आठवडे. त्या दिवशी फेसवॉश नको. दाढी आखूड असेल तर अर्धा चमचा, मोठी असेल तर एक चमचा. दाढीबरोबर मिशी, भुवया आणि नाकाच्या खाचांनाही फेस लावा. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता महत्त्वाचं: पाच मिनिटं थांबा. लावला आणि लगेच धुतला, तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. "मला हा शाम्पू लागू पडत नाही," असं सांगणारे बरेच जण इथेच चुकलेले असतात. डोक्यात कोंडा असेल तर त्याच दिवशी डोकंही याच शाम्पूने धुवा.

चार आठवडे तेल आणि बिअर्ड ऑइल बंद. धुतल्यावर कातडी ताणत असेल तर हलका, बिनवासाचा मॉइश्चरायझर थोडासा मुळांशी लावा. केस फारच राठ वाटले तर स्क्वालेन नावाचं हलकं तेल तेवढं चालतं, ते बुरशीला पचत नाही.

माझ्या एका भाच्याने हेच केलं. दुसऱ्या आठवड्यात गालांची खाज थांबली, पण मिशीखाली पापुद्रे तसेच. बघितलं तर तोंडात फेस जाईल म्हणून तो मिशी टाळत होता. तोंड घट्ट मिटून तिथे लावायला लागल्यावर तेही गेलं. मानेवरच्या गाठी मात्र हलल्या नाहीत, कारण त्या कोंड्याच्या नव्हत्याच. सलूनमध्ये दर शुक्रवारी मानेची कड वस्तऱ्याने उलट्या दिशेने काढली जायची. वस्तरा सोडून ट्रिमर, तोही कातडीला न टेकवता, सुरू केल्यावर त्या हळूहळू बसल्या.

कोंडा कायमचा जात नाही, हे आधीच मान्य करा. थंडीत, जागरणात, ताणात तो डोकं वर काढतो. चार आठवड्यांनंतर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एकदा हाच शाम्पू चालू ठेवायचा.

पुटकुळ्यांसाठी

फोडू नका आणि केस चिमट्याने उपटू नका. २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल रात्री, एक दिवसाआड, पातळ थर लावून कातडीपर्यंत पोहोचवा. याने टॉवेल, उशीचा अभ्रा आणि कधी दाढीचे केसही फिके पडतात, म्हणून पांढरा अभ्रा वापरा. फार चरचरलं तर थांबा. सलूनमधला सामायिक टॉवेल टाळा, आपला पंचा घेऊन जा.

त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचं

गोल चट्टा कडेने पसरतोय, किंवा सुजलेल्या भागातले केस हलक्या ओढीने हातात येतात, तर तो दाढीचा नायटा असू शकतो. गुरांच्या सहवासात राहणाऱ्यांना, विशेषतः वासरांच्या, हा जास्त दिसतो. त्याला बहुधा पोटातून गोळ्या लागतात, शाम्पूने भागत नाही. केसतूड पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या. चार आठवडे नीट करूनही कोंडा तसाच असेल, तरीही जा.

आणि दुकानदाराने 'खाजेचं' म्हणून दिलेली मिश्र मलमं चेहऱ्यावर लावू नका. त्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण नायटा असेल तर तो आतून पसरत राहतो आणि त्याचं रूप बदलल्याने ओळखणं अवघड होतं. असं मलम आधीच लावलं असेल, तर ती ट्यूब डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.