पाचने भाग जाणाऱ्या बायनरी स्ट्रिंगसाठी डीएफए कसा काढावा

हा प्रश्न समोर आला की बरेच जण आधी `101`, `1010`, `1111`, `10100` अशी यादी लिहितात आणि त्यात नमुना शोधत बसतात. त्या यादीत डोळ्यांना दिसेल असं काही नाही. दशमान पद्धतीत शेवटचा अंक ० किंवा ५ आहे का एवढं बघून भागतं, कारण १० ला ५ ने भाग जातो. बायनरीत पाया २ चा आहे आणि २ व ५ मध्ये सामाईक अवयवच नाही, त्यामुळे शेवटचे दोन, चार किंवा दहा बिट बघूनही उत्तर ठरत नाही. स्ट्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावीच लागते. यादी बाजूला ठेवा.

दुसरा एक सल्ला हमखास मिळतो: आधी संख्या दशमानात बदला, मग भागा. हा सल्ला देणाऱ्याला फायनाइट ऑटोमेटा म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. स्ट्रिंग हजार बिटांची असू शकते, आणि या मशीनकडे एवढी मोठी संख्या ठेवायला जागाच नाही. त्याला आपण कोणत्या स्टेटमध्ये आहोत एवढंच ठाऊक असतं.

डीएफए, ट्रान्झिशन आणि फायनल स्टेट या गोष्टी माहीत आहेत असं धरून पुढे जातो. स्ट्रिंग डावीकडून उजवीकडे वाचायची, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचा बिट आधी येतो. प्रश्नात उलटं सांगितलं असेल तर शेवटचा भाग बघा.

स्टेट ठरवा

पाच स्टेट काढा आणि त्यांना `q0` ते `q4` नावं द्या. सुरुवात `q0` वर, फायनल स्टेटही `q0`. हे झालं.

बाण काढा

गाडं अडतं ते इथेच. मीही या पायरीवर बराच काळ अडकलो होतो, आणि शिकवताना समोरची मुलं नेमकी याच ठिकाणी गप्प होतात. `q3` म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, "संख्या ३ आली ती स्टेट." असं धरलं की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: मग ६ आली तर कुठे जायचं? ७ साठी नवी स्टेट काढायची का? कागदावर वर्तुळं वाढत जातात आणि चित्र कधी संपत नाही.

`q3` चा अर्थ असा आहे: आतापर्यंत वाचलेल्या भागाला ५ ने भागलं तर बाकी ३ उरते. तो भाग ३ असेल, ८ असेल, १३ असेल किंवा पाच कोटी तीन असेल. मशीनच्या लेखी या सगळ्या संख्या एकच आहेत. वर्तुळाखाली पेन्सिलीने "बाकी ३" असं लिहून ठेवा आणि बाण पूर्ण होईपर्यंत पुसू नका.

आता नवा बिट आला की काय होतं ते बघू. दशमानात १२ च्या पुढे ७ लिहिला की १२७ होतात, म्हणजे १२ × १० + ७. बायनरीत तेच दोनाने होतं: जुनी संख्या दुप्पट होते आणि त्यात नवा बिट मिळवला जातो. जुनी संख्या `N`, नवा बिट `b`, तर नवी संख्या `2N + b`. काही जण इथे फक्त बिट मिळवतात आणि दुप्पट करायचं विसरतात. त्यांचं मशीन स्ट्रिंगमधले १ मोजतं, किमतीशी त्याचा काही संबंध राहत नाही. `101` ची किंमत ५ आहे, पण ते मशीन दोनच १ मोजतं आणि ही स्ट्रिंग नाकारतं. तुमचं मशीन `101` नाकारत असेल तर सर्वांत आधी हेच तपासा.

पण मशीनला `N` माहीत नाही, बाकीच माहीत आहे. तेवढ्यावर कसं चालतं? कोणतीही संख्या `N = 5k + r` अशी लिहिता येते. `k` म्हणजे भागाकार आणि `r` म्हणजे बाकी. ती दुप्पट करून बिट मिळवला की `10k + 2r + b` मिळतं. यातल्या `10k` ला ५ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे बाकीत त्याचा काही वाटा नाही. नवी बाकी ठरते ती फक्त `2r + b` वरून. `k` किती मोठा होता हे विसरलं तरी चालतं, आणि म्हणूनच पाच स्टेट पुरतात. ही ओळ स्वतः एकदा कागदावर मांडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. टेबल पाठ करणाऱ्यांना "बाकी २ उरली तर स्वीकारा" किंवा "५ ऐवजी ७ घ्या" म्हटलं की घाम फुटतो. ज्यांना ही ओळ कळली आहे ते पहिल्या प्रश्नात फायनल स्टेट `q2` करतात, दुसऱ्यात सात वर्तुळं काढतात, आणि मोकळे होतात.

आता `q3` चे बाण काढू. बिट 0 आला तर `2×3 + 0 = 6`, बाकी १, म्हणून `q1` कडे बाण. बिट 1 आला तर `2×3 + 1 = 7`, बाकी २, म्हणून `q2` कडे. `q4` वर 1 आला तर ९, बाकी पुन्हा ४. हा बाण फिरून स्वतःकडेच येतो आणि तो बरोबर आहे, खोडू नका. बाकीच्या स्टेटसाठी असंच करा:

```
        0    1
q0     q0   q1
q1     q2   q3
q2     q4   q0
q3     q1   q2
q4     q3   q4
```

आडव्या ओळी सलग वाचा: ०, १, २, ३, ४, ०, १, २, ३, ४. यावरून "काही समजून घेऊ नका, नुसते आकडे भरत जा" अशी युक्ती क्लासमध्ये सांगितली जाते. युक्ती खरी आहे, कारण एका ओळीतून पुढच्या ओळीत गेलं की `2r` दोनने वाढतो. पण ती टेबल तपासण्यासाठी ठेवा. परीक्षक वाचायची दिशा उलटी करतो तेव्हा ती तुम्हाला सपशेल फसवेल.

एक संख्या चालवून बघा

२५ घ्या, म्हणजे `11001`. `q0` वरून 1 ने `q1`, 1 ने `q3`, 0 ने `q1`, 0 ने `q2`, 1 ने `q0`. स्वीकारली. वाटेत लागलेले तुकडे १, ३, ६, १२, २५ आहेत आणि त्यांच्या बाक्या १, ३, १, २, ० आहेत. प्रत्येक पायरी जुळली पाहिजे. शेवटी `q0` आला एवढ्यावर खूश होऊ नका, मधे दोन चुका एकमेकींना झाकून टाकू शकतात.

हीच स्ट्रिंग उलटी लिहिली तर `10011`, म्हणजे १९. मशीन `q1`, `q2`, `q4`, `q4`, `q4` असं जातं आणि नाकारतं. ३ ने भाग जाणारी बायनरी स्ट्रिंग उलटी केली तरी तिला ३ ने भाग जातो. ५ ला तसं नाही, हे लक्षात असू द्या.

आणखी एक तपासणी कुणी सांगत नाही. टेबलचा उभा स्तंभ बघा: 0 खाली प्रत्येक स्टेट एकदाच आली पाहिजे, 1 खालीही तसंच. एखादी दोनदा आली तर हिशेब चुकला आहे. हा नियम विषम भाजकांनाच लागू आहे. ६ साठी टेबल काढलं तर 0 च्या स्तंभात ०, २, ४, ०, २, ४ येतात, आणि तिथे काही स्टेट एकत्र करून चारच उरतात. ५ साठी मात्र एकही कमी करता येत नाही. स्तंभात पुनरावृत्ती नसल्यामुळे दोन वेगळ्या स्टेटपासून एकच स्ट्रिंग वाचली तर शेवटही वेगवेगळाच होतो. त्यामुळे जी स्ट्रिंग एका स्टेटला `q0` वर नेते, ती दुसऱ्या कोणत्याही स्टेटला तिथे नेत नाही. "पाच स्टेट कमीत कमी आहेत हे दाखवा" या उपप्रश्नाचं उत्तर एवढंच.

डेड स्टेट काढू नका. सवयीने कोपऱ्यात एक वर्तुळ टाकणारे पुष्कळ आहेत. इथे कोणतीही सुरुवात वाया जात नाही: कशाच्याही पुढे तीन बिट जोडले तर सलग आठ संख्या मिळतात, आणि त्यांत एक तरी ५ च्या पटीतली असतेच.

रिकामी स्ट्रिंग आणि सुरुवातीची शून्यं

वरचं मशीन रिकामी स्ट्रिंग स्वीकारतं, `00101` सुद्धा स्वीकारतं. प्रश्नात काही म्हटलं नसेल तर तसंच ठेवा. रिकामी नको असेल तर वेगळी सुरुवातीची स्टेट `s` जोडा, जी फायनल नाही. तिच्यावरून 0 ने `q0`, 1 ने `q1`. सुरुवातीची शून्यंही नको असतील तर `s` वरून 0 चा बाण एका नव्या फायनल स्टेटकडे जातो, आणि तिथून पुढे काहीही आलं तर मात्र खरोखर डेड स्टेट लागते. एकूण आठ स्टेट होतात.

हाताने काढलेलं टेबल संगणकावर तपासायचं असेल तर टेबलच टाका. पुष्कळ जण कोडमध्ये `(2*r + b) % 5` लिहितात आणि आपलं टेबल तपासल्याचं समाधान मानतात. त्यात तपासलं गेलेलं असतं ते फक्त सूत्र.

```python
T = [(0,1), (2,3), (4,0), (1,2), (3,4)]

def ok(s):
    r = 0
    for b in s:
        r = T[r][int(b)]
    return r == 0

print(all(ok(format(n, 'b')) == (n % 5 == 0)
          for n in range(1000)))
```

`True` यायला हवं. `format` रिकामी स्ट्रिंग किंवा सुरुवातीची शून्यं कधीच देत नाही, त्यामुळे `ok('')` आणि `ok('00101')` वेगळं चालवून बघा.

शेवटचा बिट आधी आला तर

इथे नवा बिट २ च्या वाढत्या घातांनी गुणला जातो. घातांच्या बाक्या १, २, ४, ३ अशा फिरतात, म्हणून लोक बाकी आणि घात दोन्ही लक्षात ठेवतात आणि २० स्टेटचं मशीन काढतात. ते चालतं, पण एवढ्या स्टेट लागत नाहीत. मूळ चित्रातले सगळे बाण उलटे फिरवा. स्तंभात पुनरावृत्ती नव्हती, त्यामुळे उलटवल्यावरही प्रत्येक स्टेटमधून प्रत्येक बिटासाठी एकच बाण निघतो, आणि सुरुवात व शेवट `q0` च राहतो:

```
        0    1
q0     q0   q2
q1     q3   q0
q2     q1   q3
q3     q4   q1
q4     q2   q4
```

इथे स्टेटचा अर्थ बदलतो: अजून न वाचलेल्या वरच्या भागाची बाकी किती असायला हवी, ते ती सांगते. शेवटचा बिट 1 असेल तर वरच्या भागाची बाकी २ हवी, कारण `2×2 + 1 = 5`. म्हणून `q0` वरून 1 चा बाण `q2` कडे जातो. २५ आता `10011` अशी आत येते आणि मशीन `q2`, `q1`, `q3`, `q1`, `q0` असं जातं.