पीकविम्यासाठी आधार पाठवण्याआधी टायमर लावा

सोयाबीनच्या पीकविम्याच्या दिवसांत लातूर-धाराशिवकडचे अनेक शेतकरी आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे फोटो सेवा केंद्रचालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवतात. असा फोटो पाठवण्यापूर्वीच त्या चॅटमधील नावावर टॅप करून ‘Disappearing messages’ उघडावे आणि २४ तास, ७ दिवस व ९० दिवस यांपैकी २४ तास निवडावेत, म्हणजे तेवढ्या वेळाने फोटो चॅटमधून आपोआप नाहीसा होतो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टायमर लावण्याआधी पाठवलेल्या संदेशांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ते हाताने ‘Delete for everyone’ करावे लागतात.

मात्र चॅटमधून फोटो गेला म्हणजे तो समोरच्या फोनमधूनही गेला, असे समजू नये. केंद्रचालकाच्या फोनवर ऑटो-डाउनलोड सुरू असेल, तर फोटो गॅलरीत तसाच राहतो. संदेश नाहीसा होण्याआधी रात्रीचा बॅकअप झाला, तर तो त्या बॅकअपमध्येही जातो; पुढे बॅकअप रिस्टोअर करताना तो काढला जातो, पण तोपर्यंत प्रत तिथे असतेच. स्क्रीनशॉट घेतला तर पाठवणाऱ्याला सूचनाही मिळत नाही.

म्हणून माझ्या मते, फोटो ‘View once’ने पाठवणे अधिक बरे, कारण त्यात स्क्रीनशॉट रोखला जातो आणि फोटो गॅलरीत साठत नाही. तरीही दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढता येतोच. त्यामुळे जिथे चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे.