रक्त तपासणीच्या काउंटरवर प्रत्येक नमस्कार ताजा कसा ठेवावा

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत दवाखान्यांच्या आसपास रक्त तपासणीची केंद्रे आहेत आणि सकाळी सात ते दहा या वेळेत तिथे उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग असते. अशाच एका केंद्राच्या काउंटरवर मी अनेक वर्षे काम केले. एका सकाळी एका काकांना मी म्हणाले, ‘‘नमस्कार, आपले स्वागत आहे, पहिल्यांदाच आलात का?’’ दोन तासांपूर्वी याच काकांची उपाशीपोटी साखर तपासण्यासाठी पावती मीच फाडली होती आणि जेवणानंतरच्या तपासणीसाठी ते सांगितलेल्या वेळी परत आले होते. त्यांनी काही न बोलता पावती पुढे सरकवली. माझे वाक्य चुकीचे नव्हते, पण ते त्यांच्यासाठी नव्हतेच, कारण टोकनची घंटा वाजली की ते आपोआप तोंडून निघत असे.

सुधारणा येथूनच सुरू होते: तुमचे वाक्य कशामुळे सुरू होते, हे आधी शोधावे. शेजारच्या सहकाऱ्याला सलग वीस रुग्णांपुरत्या खुणा करायला सांगावे. जे वाक्य काहीही न बदलता पुढच्या माणसालाही चालले असते, त्यासाठी एक खूण. स्वतःला ऐकू न येणारी आणखी दोन लक्षणेही त्याला टिपायला सांगावीत. पहिले म्हणजे रुग्ण खुर्चीवर बसण्याआधीच तुमचे वाक्य संपलेले असते. दुसरे म्हणजे रुग्ण उत्तर देत असतानाच तुमची नजर स्क्रीनवर गेलेली असते. माझ्या पहिल्या मोजणीत वीसपैकी सतरा खुणा झाल्या होत्या.

त्यानंतर कोणते शब्द बदलायचेच नाहीत, हे ठरवून घ्यावे. बरेच जण ताजेपणाच्या नावाखाली सगळेच बोलणे बदलू लागतात आणि तपासणीच्या कामात ते धोक्याचे आहे. ओळख पटवण्याचा प्रश्न प्रत्येक वेळी तोच हवा: ‘‘तुमचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.’’ ‘‘तुम्हीच अमुक ना?’’ असे विचारले, तर घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस नुसतीच मान हलवतो आणि एकाची नळी दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. उपाशी असल्याची खात्री करतानाही ‘‘उपाशी आहात ना?’’ असे विचारू नये, कारण त्याला नेहमीच ‘हो’ असे उत्तर मिळते. ‘‘शेवटचे काय खाल्ले-प्यायले आणि किती वाजता?’’ असे विचारले की सकाळचा साखरेचा चहा बाहेर येतो. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास काहीही खाल्लेले नसावे लागते, साधे पाणी मात्र चालते. हे दोन प्रश्न पाठच असावेत. ते ठरलेले असले की डोके मोकळे राहते आणि पहिले वाक्य त्या माणसाकडे पाहून बोलता येते.

त्या पहिल्या वाक्यासाठी क्रम बदलावा लागतो. नेहमी आपण आधी बोलतो आणि मग पाहतो. त्याऐवजी घंटा दाबण्याआधी कळफलकावरून हात काढावा, समोर येणाऱ्या माणसाकडे एक श्वासभर पाहावे, एकच गोष्ट टिपावी आणि तिच्यावरूनच बोलावे. पाच-सहा वेगवेगळी स्वागतवाक्ये पाठ करून ती आळीपाळीने वापरण्याचा सल्ला मला पटत नाही. रांगेतल्या लोकांना दहा मिनिटांत त्यांचाही क्रम कळतो.

एका सकाळचे चार टोकन घेऊन हे पाहू. पहिल्या टोकनला बालाघाटहून रात्रीच्या बसने आलेले वडील आणि मुलगा होते. खांद्यावर पिशवी, डोळ्यांत झोप. त्यांच्याशी पहिले वाक्य हिंदीत बोलले: ‘‘आइए काकाजी, बैग यहाँ रख दीजिए. पानी पी सकते हैं.’’ छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया येथून माणसे नागपूरला उपचारासाठी येतात, त्यामुळे भाषा ओळखणे हाच अनेकदा अर्धा नमस्कार असतो. दुसऱ्या टोकनच्या बाई सारख्या घड्याळ पाहत होत्या. त्यांना गोड स्वागत नको होते, म्हणून म्हटले, ‘‘ताई, तुमच्यापुढे दोनच जण आहेत, दहा मिनिटांत मोकळ्या व्हाल.’’ पण हे म्हणण्याआधी आत किती जण आहेत ते मी खरोखर मोजले होते, कारण अंदाजाने सांगितलेले दहा मिनिटे पंचवीस झाले तर तो नमस्कार उलटतो. तिसऱ्याला आईच्या पदराआड लपलेला लहान मुलगा होता. त्याला आधी त्याचे नाव विचारले आणि मगच आईकडे वळले. ‘‘काही दुखत नाही हं’’ हे मात्र म्हटले नाही, कारण सुई टोचल्यावर ते खोटे ठरते. चौथे होते जेवणानंतरच्या तपासणीसाठी परत आलेले एक गृहस्थ. ‘‘या जी, जेवण झाले? पहिला घास किती वाजता घेतला?’’ या एका वाक्यात ओळखही आली आणि कामाचा प्रश्नही, कारण जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास जेवायला सुरुवात केल्यापासून मोजायचे असतात.

यानंतर थांबायला शिकावे. नमस्कार केल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला जागा द्यावी. ही जागा साधारण दोन सेकंदांची असते आणि गर्दीत तीच सर्वांत आधी खाल्ली जाते. उत्तर ऐकायला वेळ नसेल, तर ‘‘कसे आहात?’’ हा प्रश्न विचारू नये. तपासणीसाठी आलेला माणूस त्याचे खरे उत्तर देऊ शकतो.

पाहून बोलण्याला मर्यादाही आहेत. चिठ्ठीवरचा आजार, तपासणीचे नाव, वजन, चेहऱ्यावरचा थकवा हे रांगेसमोर कधीही बोलू नये. सोबतची स्त्री पत्नी की मुलगी, याचा अंदाज करू नये. वारंवार येणाऱ्या रुग्णाला ‘‘परत आलात?’’ असे म्हणू नये. त्याच्या सवयीची खुर्ची रिकामी असेल तर ती दाखवावी. चाळिशीच्या बाईंना ‘काकू’ म्हटले तर रुचेलच असे नाही, तिथे ‘ताई’ किंवा नावापुढे ‘जी’ बरे. वडीलधाऱ्यांना ‘काका’ आणि तरुणांना ‘भाऊ’ नागपुरात सहज चालते.

साडेनऊच्या सुमारास आवाज सपाट होतो. तेव्हा ओढून आणलेले हसू उपयोगी पडत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामावर लिहिताना, मनात नसलेला भाव चेहऱ्यावर सतत धरण्याची किंमत कर्मचाऱ्याला मोजावी लागते, हे दाखवले होते. म्हणून अशा वेळी हसण्याचा प्रयत्न सोडून फक्त पाहण्याचे काम चालू ठेवावे आणि छोटे, खरे वाक्य बोलावे: ‘‘बसा, तुमचीच चिठ्ठी काढते आहे.’’ शक्य असेल तर सहकाऱ्याबरोबर वीस मिनिटांसाठी जागा बदलावी. एकाने पावत्या कराव्यात, दुसऱ्याने नळ्यांवर नावे चिकटवावीत.

पंधरा दिवसांनी पुन्हा वीस रुग्णांच्या खुणा कराव्यात. ओळखीचे आणि उपाशीपोटीचे ठरलेले प्रश्न त्यांत धरू नयेत. पहिल्या वाक्याच्या खुणा पाच-सहावर आल्या असतील तर पुरेसे आहे, कारण भर गर्दीत काही नमस्कार साधेच राहतात. त्या वेळी फक्त एवढे तपासावे की दोन तासांनी परत आलेल्या माणसाला तुम्ही ओळखले की नाही.