अलॉय व्हीलवर टॉयलेट क्लीनर नको

समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर ब्रेकची काळी धूळ रिमवर साचू देऊ नका. तिच्यातले लोखंडाचे कण खाऱ्या दमट हवेत गंजतात आणि रिमवरच्या पारदर्शक लॅकरच्या थराला घट्ट चिकटतात. चाक हाताला गार लागलं की आधी साध्या पाण्याने मीठ उतरवा, मग कार शॅम्पू आणि मऊ ब्रश. तरीही तपकिरी ठिपके राहिलेच तर पीएच-न्यूट्रल आयर्न रिमूव्हर मारा. तो जांभळा झाला की वाळायच्या आत धुवा. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा मात्र अजिबात नको. चमक येते खरी, पण ओरखड्यातून ते थेट अ‍ॅल्युमिनियम खातं. मग तिथूनच मीठ आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या, अळीसारख्या रेषा पसरतात. त्या धुऊन जात नाहीत, रिमच पुन्हा रंगवावी लागते.