दुकानाची ख्याती ठरवताना आधी मालकाचा पगार वजा करा

नवा भागीदार घेताना सरासरी नफ्याला सरळ तीनने गुणून ख्यातीची, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची, किंमत काढली, की आकडा हमखास फुगतो.

समजा, एका हार्डवेअर दुकानाचा तीन वर्षांचा सरासरी नफा ५,८०,००० रुपये आहे. तिप्पट केले की १७,४०,०००. आता हे करून पाहा:

१. गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाच्या कामाचा बाजारभावाने पगार, समजा वर्षाला २,४०,०००, नफ्यातून वजा करा (आधीच खर्चात धरला नसेल तरच). उरले ३,४०,०००. नुसत्या सरासरी पद्धतीनेही ख्याती आता १०,२०,०००च होते.

२. गुंतलेले भांडवल २०,००,००० आणि त्या धंद्यात साधारण परतावा १२ टक्के, म्हणजे २,४०,०००. हेही वजा करा. जादा नफा १,००,०००; त्याची तिप्पट ३,००,०००.

येणाऱ्या भागीदाराने ३,००,०००च्या आकड्यावरच अडून बसावे. भांडवलावरचा साधारण परतावा तर त्याला कुठेही मिळेल, त्याचे वेगळे पैसे कशाला? जादा नफा शून्य किंवा उणे आला, तर या पद्धतीने ख्यातीही शून्य.

मात्र भांडवल मोजताना ताळेबंदात आधीच दाखवलेली ख्याती त्यात धरू नका. नाहीतर साधारण परतावा वाढून जादा नफा उगाच कमी दिसेल.