P मधून काढलेली ती एक रेघ

गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेपर्यंत, म्हणजे आयओक्यूएमपर्यंत, भूमिती अंगावर येत नाही. तिथं शेवटी दोन आकडी उत्तर गोल काळे करून द्यायचं असतं, त्यामुळे कोन नजरेनं पकडला तरी गुण पडतात. खरी पंचाईत त्यापुढच्या फेरीच्या, आरएमओच्या तयारीला सुरू होते, कारण तिथं पूर्ण सिद्धता लिहायची असते. मी साखळीहून पणजीला कदंबच्या बसनं शिकवणीला जायचे, मांडीवर वही ठेवून गणितं सोडवायचे आणि 'अँगल चेसिंग आपल्याला जमतं' या भ्रमात होते. तो भ्रम एका सराव पेपरात उतरला. त्या प्रश्नाला मला शून्य मिळालं आणि उत्तर मात्र दोन पानं भरून होतं.

प्रश्न जुनाच आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ABCD हा समांतरभुज चौकोन. त्याच्या आत P असा बिंदू की ∠PAB = ∠PCB. सिद्ध करा: ∠PBA = ∠PDA.

पुढे वाचायच्या आधी हाताने आकृती काढा, आणि काढताना पानाच्या उजव्या बाजूला भरपूर जागा सोडा. का, ते पुढे येईलच.

मी काय केलं ते आधी सांगते. दिलेले दोन कोन एकमेकांपासून लांब आहेत, एक A ला, एक C ला. त्यांना जोडणारं काही नाही. तेव्हा 'रचना' असं लिहून मी P मधून AB ला समांतर रेघ काढली, ती BC ला M मध्ये मिळाली. इथपर्यंत सगळं ठीक. मग लिहिलं, 'ABMP आणि PMCD हे समांतरभुज चौकोन आहेत.' आणि तिथून कोनांची गाडी सुटली ती थांबेचना. संमुख कोन, व्युत्क्रम कोन, सगळं छान जुळत गेलं. मला वाटलं, दहा मिनिटांत झालं की.

पेपर परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईत एकच प्रश्न होता: 'मग P कुठे आहे?'

मला दोन दिवस कळलं नाही. तुम्हाला लगेच कळलं असेल तर उत्तम, तरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण ही चूक ओळखून घेतल्यावरही मी ती वर्षभरात आणखी तीनदा केली.

ABMP समांतरभुज असेल तर AP आणि BM समांतर हव्यात. पण M तर BC वर आहे, म्हणजे BM ही BC चाच तुकडा, आणि BC ला A मधून जाणारी समांतर रेघ एकच, ती AD. म्हणजे P हा AD वरच हवा. मग ∠PDA उरतोच कुठे? मी ज्या कोनाविषयी सिद्ध करायला निघाले होते तो माझ्याच रचनेनं गिळला होता.

चुकीचं मूळ वेगळंच होतं. मी एका रेघेकडून तीन गोष्टी मागितल्या: AB ला समांतर असणं, BC वर संपणं आणि AB एवढीच लांब असणं. प्रतलातला नवा बिंदू दोन अटींनी ठरतो. पहिल्या दोन अटींनी M जागेवर बसला. त्यानंतर PM ची लांबी जी काय आहे ती आहे, ती माझ्या हातात नाही. तिसरी गोष्ट हवी असेल तर ती सिद्ध करावी लागते, रचनेत फुकट मागता येत नाही. आमच्या शिकवणीतले सर तसे मराठीतच शिकवायचे, पण कुणी अशी रेघ काढली की हटकून कोंकणीत विचारायचे, "ही रेघ खंयच्यान आयली?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ वाचायचे नाहीत. त्यावेळी राग यायचा.

यात आकृतीचाही दोष होता. माझी आकृती साधारण अशी होती: AB ७ सेंमी, AD ४ सेंमी, ∠A ६५ अंश, आणि दिलेले दोन कोन ५० अंशांचे. नंतर मी ती कंपास-कोनमापकानं नीट काढून पाहिली. P हा AD च्या अगदी जवळ पडतो आणि PM ६.४ सेंमी भरते. मोकळ्या हाताने काढलेल्या आकृतीत ७ आणि ६.४ मधला फरक कुणाला दिसणार? डोळ्यानं सांगितलं 'सारख्या', हातानं लिहिलं 'सारख्या'.

आता हीच आकृती दुसऱ्या मापांनी काढा. AB ६, AD ४, ∠A १०० अंश, दिलेले कोन २५ अंशांचे. A पाशी AB बरोबर २५ चा किरण, C पाशी CB बरोबर २५ चा किरण, दोन्ही चौकोनाच्या आत. जिथं छेदतील तो P, तो AB पासून साधारण सव्वादोन सेंमी वर येतो. इथं PM जेमतेम पाऊण सेंमी आहे, AB मात्र ६! माझी ती ओळ या आकृतीवर लिहायची कुणाची हिंमत होणार नाही. आणि साध्य मात्र टिकतं: ∠PBA आणि ∠PDA दोन्ही ६३ अंशांच्या आसपास येतात, मोजून बघा.

म्हणून माझा एक हट्ट आहे, आणि त्यावर मी शिकवणीतल्या मुलांशी भांडते. रचनेची ओळ लिहिली की दुसरी, मुद्दाम वेडीवाकडी आकृती काढा आणि फक्त तेवढी ओळ तिथं खरी ठरते का ते बघा. पूर्ण सिद्धता नव्यानं तपासायची नाही, फक्त ती ओळ. दोन मिनिटांचं काम.

बरं, मग खरी रेघ कोणती? माझी रेघ चुकीच्या दिशेला नव्हती, ती फक्त लवकर थांबली. BC ला अडखळून थांबायचं कारणच नव्हतं. मदतीचा बिंदू आकृतीच्या आतच असला पाहिजे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी तसं धरून चालले होते.

हे मला वर्तमानपत्राच्या कागदानं शिकवलं. मी त्रिकोण APD कापला, आकृतीवर बरोबर बसवला आणि न फिरवता AB च्या दिशेनं उजवीकडे सरकवत नेला. AB एवढं अंतर सरकवल्यावर AD बरोबर BC वर जाऊन बसली, कारण समांतरभुज चौकोनात त्या समांतर आणि सारख्या लांबीच्या आहेत. P चं टोक गेलं BC च्या पलीकडे, बाहेर. त्या जागेला म्हणा Q. (उजवीकडची रिकामी जागा यासाठी होती. दुसऱ्या आकृतीत Q हा P पासून ६ सेंमीवर आहे, वहीच्या कडेला काढली असती तर टेबलावर गेला असता.)

आता रचना अशी लिहायची: P मधून AB ला समांतर, AB च्याच दिशेला, PQ = AB घ्या. दिशा आणि लांबी, दोन अटी, संपलं. BC चं नावही घेतलं नाही.

यानंतर ABQP खरोखर समांतरभुज चौकोन आहे, कारण AB आणि PQ समांतर आणि समान आहेत. PQCD सुद्धा त्याच कारणानं. पहिल्यातून ∠PAB = ∠PQB. दिलेलं आहे ∠PAB = ∠PCB. म्हणून ∠PQB = ∠PCB. लांब लांब बसलेले दोन कोन आता PB या एकाच रेषाखंडावर उभे आहेत. Q आणि C हे PB च्या एकाच बाजूला असतील तर P, B, Q, C एका वर्तुळावर येतात.

'असतील तर' हे शब्द खाऊ नका. इथं बहुतेक जण 'आकृतीवरून स्पष्ट आहे' असं लिहून मोकळे होतात. कारण द्यायला एकच वाक्य लागतं: P चौकोनाच्या आत आहे, त्यामुळे तो AB आणि DC या समांतर रेषांच्या मधे आहे, PQ त्यांना समांतर आहे आणि Q हा BC च्या पलीकडे आहे, म्हणून PQ हा BC रेषाखंडाला आतच छेदतो. PBQC चे कर्ण एकमेकांना छेदतात, म्हणजे तो बहिर्वक्र चौकोन आहे, आणि PB ही त्याची बाजू असल्यानं उरलेले दोन शिरोबिंदू तिच्या एकाच बाजूला. पक्षातला 'आत' हा शब्द नेमका इथं खर्ची पडतो. तो कुठेच वापरला नसेल तर सिद्धतेत कुठेतरी भोक आहे असं समजा.

उरलेलं सोपं आहे. AB आणि PQ समांतर, म्हणून ∠PBA = ∠BPQ, व्युत्क्रम कोन. वर्तुळात BQ या जीवेवर P आणि C एकाच बाजूला, म्हणून ∠BPQ = ∠BCQ. आणि ∠BCQ म्हणजे कागदाच्या त्रिकोणाचा D चा कोपरा, जो C वर येऊन बसलाय: DA आणि CB समांतर, DP आणि CQ समांतर, दोन्ही जोड्या एकाच दिशेच्या. म्हणून ∠BCQ = ∠PDA. झालं.

यूट्यूबवर असले प्रश्न बघू नका असं मी सांगणार नाही, मीही बघते. पण तिथं सोडवणारा पहिल्या मिनिटाला Q काढून मोकळा होतो आणि उरलेली नऊ मिनिटं कोन भरत बसतो. कोन भरणं तुम्हाला आधीच येतं. मला तर हुशार सीनियरांचाही तोच राग आहे, 'अगं, सरकव ना त्याला' म्हणून रेघ सांगून टाकतात. त्यापेक्षा लाल शाईतला तो एक प्रश्न बरा होता, दोन दिवस झोप उडवली तरी.

अडकलात तर घाबरू नका, मला सरकवायचं सुचायला कागद आणि कात्री लागली. अजूनही लागते कधी कधी.

आता तुमच्यासाठी: त्रिकोण APD ऐवजी APB घ्या आणि तो AD च्या दिशेनं, AD एवढा सरकवा. AB जाऊन DC वर बसेल, P च्या नव्या जागेला R म्हणा. सिद्धता इथूनही पूर्ण होते, पण वर्तुळात येणारे चार बिंदू वेगळे आहेत आणि 'एकाच बाजूला' चं कारण नव्यानं लिहावं लागतं. यावेळी R चौकोनाच्या वर पडतो, तेव्हा आकृती पानाच्या खालच्या अर्ध्यात काढा.