सपाट आलेख दिसला की लगेच निदान नको: प्लेटलेट अ‍ॅग्रिगोमेट्रीत या चुका टाळा

अ‍ॅग्रिगोमीटरमध्ये चाललेलं काम तसं साधं आहे. प्लेटलेट भरपूर असलेला प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, गढूळ असतो, त्यामुळे त्यातून प्रकाश कमी जातो. अ‍ॅगोनिस्ट टाकला की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात, मधली जागा मोकळी होते आणि प्रकाश जास्त जाऊ लागतो. पीआरपी म्हणजे शून्य टक्के, प्लेटलेट काढून टाकलेला प्लाझ्मा, म्हणजे पीपीपी, शंभर टक्के. त्यामधली चढण यंत्र कागदावर काढतं. १९६२ मध्ये बॉर्न यांनी ही पद्धत मांडली, आणि आजही तिचा गाभा तोच आहे.

घोळ होतो तो आलेख चढला नाही तेव्हा. सपाट रेषा आजारामुळे येते, औषधामुळे येते, आणि आपण काहीतरी विसरलो म्हणूनही येते. तिन्ही वेळा ती कागदावर जवळपास सारखीच दिसते. त्यामुळे रिपोर्टवर आजाराचं नाव लिहिण्याआधी कोणती रेषा सपाट आहे आणि तिच्या शेजारी कोणती चढली आहे, हे पाहायची सवय हवी.

सगळंच सपाट: आधी क्युव्हेटमध्ये डोकवा

एडीपी, कोलॅजेन, एपिनेफ्रिन, अरॅकिडोनिक अ‍ॅसिड, सगळीकडे काहीच नाही. पुस्तकात याला ग्लान्झमान थ्रोम्बास्थेनिया म्हणतात. प्लेटलेटवरचा फायब्रिनोजेन धरणारा रिसेप्टर नसतो किंवा निकामी असतो, त्यामुळे अ‍ॅगोनिस्ट कोणताही द्या, प्लेटलेट जोडल्या जात नाहीत. पण हा आजार विरळा आहे आणि स्टर बार टाकायचा राहून जाणं मुळीच विरळा नाही. ढवळल्याशिवाय प्लेटलेट एकमेकींवर आदळत नाहीत आणि गुठळी होत नाही.

फरक ओळखायला अ‍ॅगोनिस्ट टाकण्याआधीचा मिनिटभराचा बेसलाइन बघा. निरोगी, चपट्या प्लेटलेट ढवळताना प्रकाशात फिरत राहतात, म्हणून बेसलाइनला बारीक थरथर असते. मोजपट्टीने ओढल्यासारखी सरळ रेषा असेल तर बहुधा ढवळणंच बंद आहे, नाहीतर प्लेटलेट आधीच फुगून गोल झाल्या आहेत. नंतर एडीपी किंवा कोलॅजेन टाकल्यावरचा क्षण बघा: प्लेटलेट आकार बदलतात आणि आलेख चढण्याआधी किंचित खाली बसतो. ग्लान्झमानमध्ये हा खड्डा दिसतो, पुढची चढण मात्र येत नाही. खड्डाही नाही आणि चढणही नाही, तर अ‍ॅगोनिस्ट पडला का, मेलेला होता का, हे तपासा. एपिनेफ्रिनकडून खड्ड्याची अपेक्षा ठेवू नका. ते आकारबदल घडवतच नाही.

दुसरा साक्षीदार रिस्टोसेटिन. त्याने होणारं चिकटणं फायब्रिनोजेनच्या रिसेप्टरवर अवलंबून नसतं. ते व्हॉन विलब्रांड फॅक्टर आणि प्लेटलेटवरच्या ग्लायकोप्रोटीन आयबी यांच्यामार्फत होतं. म्हणून ग्लान्झमानमध्येही रिस्टोसेटिनचा आलेख चढतो. मात्र हा चढलेला आलेख त्याच चॅनेलवरचा असायला हवा. अनेक चॅनेलच्या यंत्रात रिस्टोसेटिन चौथ्या चॅनेलवर आणि सपाट रेषा दुसऱ्यावर असेल, तर दुसऱ्याच्या मोटरबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

फक्त अरॅकिडोनिक अ‍ॅसिड सपाट: इथे थांबून विचार करा

सर्वांत जास्त चुकीची निदानं इथेच होतात, म्हणून एक नमुना सविस्तर घेऊ. चोवीस वर्षांची तरुणी, पाळीत खूप रक्तस्राव, दात काढल्यावर रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं. प्लेटलेट काउंट नॉर्मल. आलेख असे आले: २ मायक्रोमोलर एडीपीने ३८ टक्क्यांपर्यंत चढला आणि परत खाली घसरला. ५ मायक्रोमोलर एपिनेफ्रिनने २० टक्क्यांवर अडकला. २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर कोलॅजेनने उशिरा सुरुवात करून ५५ टक्के गाठले. १ मिलिमोलर अरॅकिडोनिक अ‍ॅसिडने ४ टक्के. १.२ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर रिस्टोसेटिनने ८५ टक्के.

घाईतला वाचक एडीपी आणि एपिनेफ्रिनची दुसरी लाट नाही हे पाहून 'स्टोरेज पूल डिफेक्ट' लिहून मोकळा होतो. पण दुसरी लाट दोन गोष्टींवर टेकलेली असते: प्लेटलेटने स्वतः बनवलेलं थ्रॉम्बॉक्सेन आणि तिच्या दाट कणांतून बाहेर पडणारं एडीपी. यातलं कुठलंही हरवलं तरी चित्र सारखंच दिसतं. त्यांना वेगळं करायला अरॅकिडोनिक अ‍ॅसिड उपयोगी पडतं. हे थ्रॉम्बॉक्सेनचा कच्चा माल आहे. स्टोरेज पूलमध्ये त्याला प्रतिसाद बहुधा टिकतो. इथे तो नाही, म्हणजे संशय थ्रॉम्बॉक्सेनच्या वाटेवर जातो.

ही वाट तीन ठिकाणी तुटू शकते. कच्चा मालच खराब असेल, एन्झाइम काम करत नसेल, किंवा तयार थ्रॉम्बॉक्सेन ओळखणारा रिसेप्टर नसेल.

पहिली शक्यता खोडायला त्याच दिवशी, त्याच बाटलीतून निरोगी व्यक्तीचा नमुना चालवा. अरॅकिडोनिक अ‍ॅसिड हवेत ऑक्सिडाइज होतं, विरघळवल्यावर फार काळ टिकत नाही, आणि उघडी राहिलेली बाटली आजच्या सगळ्या पेशंटना एकच आजार देते. आमच्या उदाहरणात कंट्रोलने ८२ टक्के दिले, म्हणजे रसायन ठीक. (कंट्रोल म्हणून बसणाऱ्या सहकाऱ्याला 'डोकं दुखत होतं का' हे मी नेहमी विचारतो. त्याने सकाळी गोळी घेतली असेल तर दोन्ही आलेख सपाट येतात आणि दोष बिचाऱ्या बाटलीवर जातो.)

दुसरी आणि तिसरी शक्यता वेगळी करायला यू४६६१९ लागतं. हे थ्रॉम्बॉक्सेनसारखं बनवलेलं रसायन आहे, एन्झाइम ओलांडून थेट रिसेप्टरवर जातं. १ मायक्रोमोलर टाकल्यावर आलेख ७८ टक्क्यांवर गेला. म्हणजे रिसेप्टर आहे आणि त्याच्या पुढची सगळी यंत्रणाही चालू आहे. तुटलं आहे ते एन्झाइमपाशी. यू४६६१९ ही सपाट आलं असतं तर थ्रॉम्बॉक्सेन रिसेप्टरचा विरळा दोष डोक्यात ठेवावा लागला असता.

एन्झाइमपाशी तुटलेल्या आलेखात जन्मजात सायक्लोऑक्सिजनेस दोष हे निदान शेवटचं. आधी अ‍ॅस्पिरिन. ते एन्झाइमवर कायमचं बसतं, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. म्हणून एका गोळीचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्यभर, सुमारे ७ ते १० दिवस, राहतो. आयबुप्रोफेनसारखी औषधं एन्झाइमवरून निघून जातात, त्यांचा परिणाम लवकर उतरतो.

"कुठलं औषध घेतलंत का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, कारण लोक सर्दीची गोळी किंवा पाळीतल्या दुखण्यासाठी घरात पडलेलं पाकीट औषधात धरत नाहीत. "गेल्या पंधरा दिवसांत डोकं, दात, पोट दुखलं तेव्हा काय घेतलंत?" असं विचारा. या तरुणीच्या उत्तरात सर्दीची एक मिश्र गोळी निघाली, तिच्यात अ‍ॅस्पिरिन होतं. १४ दिवस सगळं बंद ठेवून पुन्हा तपासलं, तेव्हा अरॅकिडोनिक अ‍ॅसिडने ८० टक्के दिले आणि एडीपीची दुसरी लाट परत आली. हे उघडकीला आलं नसतं तर तिच्या कागदांवर आयुष्यभराचं निदान लागलं असतं.

एक उलटी फसगतही आहे. अरॅकिडोनिक अ‍ॅसिड जास्त पडलं तर ते प्लेटलेट फोडतं. फुटल्यावर गढूळपणा जातो, प्रकाश वाढतो, आणि आलेख नॉर्मल असल्यासारखा चढतो. शंका आली की थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. गुठळ्या नसतील तर तो आलेख फेकून द्या.

फक्त रिस्टोसेटिन सपाट

इथे बर्नार्ड-सूलिए की व्हॉन विलब्रांड रोग, हा प्रश्न. त्याच नमुन्यात निरोगी प्लाझ्मा मिसळा. व्हॉन विलब्रांड फॅक्टरची कमतरता असेल तर आलेख सुधारतो; बर्नार्ड-सूलिएमध्ये दोष प्लेटलेटवरच असल्याने सुधारत नाही.

पण बर्नार्ड-सूलिएच्या प्लेटलेट मोठ्या असतात. पीआरपीसाठी नेहमीच्या २०० g वर १० मिनिटं फिरवलं की त्या लाल पेशींबरोबर तळाला बसतात आणि पीआरपीत काउंट फारच कमी उरतो. मग एडीपी आणि कोलॅजेनचे आलेखही लुळे पडतात, आणि 'फक्त रिस्टोसेटिन' हे चित्र विस्कटून 'सगळंच कमी' असं दिसतं. पीआरपीचा काउंट न मोजता आलेख वाचणं म्हणूनच चूक. स्मिअरवर मोठ्या प्लेटलेट दिसल्या तर कमी वेगाने फिरवा किंवा नळी नुसती उभी ठेवून लाल पेशी आपोआप बसू द्या, आणि कंट्रोलची पीआरपी त्याच काउंटवर पातळ करून शेजारी चालवा.

पूर्ण मात्रेइतकीच कमी मात्राही महत्त्वाची. ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटरवर निरोगी पीआरपी जवळजवळ गप्प राहते. तिथे आलेख चढला तर टाइप २बी किंवा प्लेटलेट-प्रकारचा व्हॉन विलब्रांड रोग शोधा. कमी मात्रा चालवलीच नाही, तर या दोघांचा रिस्टोसेटिनचा आलेख चढलेला बघून पेशंट नॉर्मल म्हणून घरी जातो.

एडीपी चढून घसरतं, बाकी ठीक

अरॅकिडोनिक अ‍ॅसिड नॉर्मल आणि एडीपी १० मायक्रोमोलरपर्यंत नेऊनही आलेख घसरत असेल, तर पी२वाय१२ रिसेप्टर. आकारबदलाचा खड्डा दिसतो, कारण तो पी२वाय१ घडवतो. इथेही जन्मजात दोषाआधी क्लोपिडोग्रेल विचारा. फक्त एपिनेफ्रिनचा आलेख बसका असेल तर मी त्याला एकट्याला आजार म्हणत नाही. बऱ्याच निरोगी माणसांतही तसंच दिसतं.

नमुना हाताळताना

रक्त बर्फावर ठेवू नका, थंडीने प्लेटलेट आकार बदलतात. वायुनळीतून पाठवू नका. पीआरपी खोलीच्या तापमानाला झाकण लावून १५ मिनिटं विसावू द्या, आणि रक्त काढल्यापासून ४ तासांत सगळं संपवा. जेवणानंतरचा दुधाळ प्लाझ्मा पीआरपी आणि पीपीपीमधला फरकच खातो, मग टक्केवारीला अर्थ उरत नाही.

त्या तरुणीकडे परत वळायचं तर, दुसऱ्या खेपेचे सगळे आलेख नॉर्मल असले तरी दात काढल्यानंतरचा रक्तस्राव त्यातून समजत नव्हता. तेव्हा ती गोळी घेतली होती का, हे तिला आठवत नव्हतं. दाट कणांची कमतरता असणाऱ्या काही जणांचे आलेख पूर्ण नॉर्मल येतात, कारण हे यंत्र गुठळी मोजतं, कणांतून काय बाहेर पडलं ते मोजत नाही. म्हणून तिच्यासाठी पुढची मागणी एटीपी रिलीजची ल्युमिनेसन्स चाचणी आणि व्हॉन विलब्रांड फॅक्टरची पातळी अशी गेली.